ग्लुटामिक घसरतं, ग्लायसिन दुभंगतं: सिलिलेशनमध्ये दोष ओलाव्याचा की वेळेचा?

प्रश्न: अमिनो आम्लांचं मिश्रण सुकवून त्यात सिलिलेशनचं रिएजंट, म्हणजे १% टीएमसीएस असलेलं बीएसटीएफए, आणि अ‍ॅसिटोनायट्राइल प्रत्येकी ५० मायक्रोलिटर घालतो, १०० अंशांना अर्धा तास तापवतो आणि जीसी-एमएसवर घेतो. २४ व्हायल रात्रभर चालतात, एकेकीला अर्धा तास. स्टँडर्ड पहिल्या, बाराव्या आणि चोविसाव्या जागी. अंतर्गत मानक नॉरल्युसिनशी गुणोत्तर काढलं तर ल्युसिन १.३१, १.३०, १.३२ असं स्थिर आहे. ग्लुटामिक मात्र १.१२ वरून ०.९६ आणि शेवटी ०.७९. ग्लायसिनचे दोन पीक येतात. मेथिओनिनच्या शेजारी एक अनोळखी पीक ०.१०, ०.२९, ०.४९ असा वाढतो, त्यात १५६ चा आयन सगळ्यात मोठा आहे. नायट्रोजनला ड्रायर लावला, रिएजंटची नवी बाटली फोडली, तरी तेच. ओलावा येतोय कुठून?

उत्तर: तुमच्या आकड्यांत ओलावा दिसत नाही. जे दिसतंय त्याचं कारण घड्याळ आहे, आणि म्हणूनच नवी बाटली फोडून काही फरक पडला नाही.

आधी तो अनोळखी पीक. तो पायरोग्लुटामिक आम्लाचा, दोन टीएमएस म्हणजे ट्रायमिथाइलसिलिल गट लागलेला. टीएमएस अमिनो आम्लं फुटताना कार्बॉक्सिलचा टीएमएस एस्टर गमावतात, म्हणजे वस्तुमानातून ११७ जातात. पायरोग्लुटामिकचं डेरिव्हेटिव्ह २७३ चं, त्यातून ११७ गेले की उरतात १५६. तीन टीएमएसवालं ग्लुटामिक ३६३ चं, त्याचा आयन २४६. हे दोन आयन वेगळे काढून एकाखाली एक मांडा: एक जेवढा उतरतो तेवढा दुसरा चढताना दिसेल. तुमच्याच आकड्यांची बेरीज केली तर १.२२, १.२५, १.२८ येते. दोघांचा प्रतिसाद सारखा नसतो, त्यामुळे ही बेरीज तंतोतंत स्थिर राहण्याची अपेक्षा नाही, पण पदार्थ नाहीसा झालेला नाही, त्याने रूप बदललं आहे, एवढं यातून कळतं. फ्लेम डिटेक्टरवर काम करणाऱ्यांची इथे फसगत होते. हा पीक मेथिओनिनच्या इतका लगत येतो की तिथे मेथिओनिनच वाढल्यासारखं वाटतं.

हे का होतं? ग्लुटामिकचा अमिनो नायट्रोजन साखळीच्या टोकाच्या कार्बॉक्सिलपर्यंत सहज वळतो. त्या कार्बॉक्सिलचा सिलिल एस्टर झालेला असतो, आणि सिलॉक्सी गट सहज सुटतो. नायट्रोजनने हल्ला केला की पाच अणूंचं कडं मिटतं आणि सिलेनॉल बाहेर पडतं. यात बाहेरच्या पाण्याचा काही संबंध नाही. व्हायल पूर्ण कोरडी असली, रिएजंट मुबलक असलं, तरी हे घडतं. उष्णतेने वेगाने, खोलीच्या तापमानाला सावकाश. रात्रभर ट्रेमध्ये उभी असलेली व्हायल खरं तर मंद आचेवर शिजतच असते.

ग्लायसिनचीही गोष्ट तशीच, फक्त दिशा वेगळी. अमाइनवर पहिला टीएमएस गट पटकन बसतो, दुसरा अवघडून बसतो. ल्युसिनमध्ये बाजूची साखळी आड येते, म्हणून सौम्य परिस्थितीत तिथे एकावरच थांबतं. ग्लायसिनला आडवं यायला काहीच नाही, त्यामुळे दुसरा गट हळूहळू शिरत राहतो. दोन टीएमएसच्या ग्लायसिनचा आयन १०२, तीनच्याचा १७४. रांगेच्या सुरुवातीला १०२ मोठा आणि सकाळी १७४ मोठा असेल, तर अभिक्रिया अर्धवट थांबवली होती आणि ती ट्रेमध्ये पुढे चालू राहिली, एवढाच त्याचा अर्थ. लायसिनच्या टोकाच्या अमाइनचंही हेच होतं, तीन आणि चार टीएमएसचे दोन पीक मिळतात.

आता ओलावा असता तर काय दिसलं असतं? पाणी सगळ्यात आधी सिलिकॉन आणि नायट्रोजन यांचा बंध तोडतं, कारण तो ऑक्सिजनवरच्या बंधापेक्षा नाजूक असतो. साखरा सिलिलेट करणाऱ्यांचं त्यामुळे बरंच निभावून जातं, तिथे सगळे बंध ऑक्सिजनवरचे. अमिनो आम्लांना ती सवलत नाही. म्हणजे ग्लायसिन तीनवरून दोनवर घसरलं असतं, माझ्या अंदाजाने तुमच्याकडे बरोबर उलटं झालंय. आणि ल्युसिन, व्हॅलिन, प्रोलिन यांचे फक्त कार्बॉक्सिलवर टीएमएस असलेले पीक उगवले असते: मुख्य पीकच्या आधी येणारे, मागे शेपटी ओढणारे. त्यांचे आयन लक्षात ठेवायला सोपे, कारण मूळ आयनातून ७२ वजा करायचे. ल्युसिनचा १५८ चा ८६ होतो, व्हॅलिनचा १४४ चा ७२, प्रोलिनचा १४२ चा ७०. मी प्रत्येक रांगेनंतर ८६ आणि ७० हे दोन आयन चाळतो. ते सपाट असतील तर ओलाव्याचा विषय तिथेच संपवतो.

एक खोच मात्र सांगायला हवी. तुमचं ल्युसिन स्थिर आहे ते नॉरल्युसिनच्या तुलनेत. दोघं भावंडं आहेत. पाण्याने दोघांचंही सारखंच नुकसान केलं तर गुणोत्तर ढिम्म हलणार नाही. म्हणून अंतर्गत मानकं दोन ठेवावीत: एक अमिनो आम्ल आणि एक ज्याला सिलिलेशनशी काही देणंघेणं नाही असं, उदाहरणार्थ टेट्राकोसेन, म्हणजे २४ कार्बनचा सरळ अल्केन. डायक्लोरोमिथेनमधल्या त्याच्या द्रावणातून सुमारे १० मायक्रोग्रॅम शेवटच्या सुकवणीआधी व्हायलमध्ये घालायचं. तो सगळ्या अमिनो आम्लांच्या मागून येतो, कोणाच्या अंगावर चढत नाही. नॉरल्युसिन आणि टेट्राकोसेन यांचं गुणोत्तर रात्रभर टिकलं तर डेरिव्हेटिव्ह शाबूत आहेत. दोघंही एकत्र खाली आले तर सिरिंज किंवा इंजेक्टर तपासा. फक्त नॉरल्युसिन उतरलं तर मग पाण्यामागे लागा.

पाण्यामागे लागायचंच असेल तर ते किती लागतं याचा हिशेब करून लागावं, कारण ओलाव्याची भीती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. बीएसटीएफएचा रेणुभार २५७.४, घनता सुमारे ०.९७. तुमचे ५० मायक्रोलिटर म्हणजे जवळजवळ १८८ मायक्रोमोल. नमुन्यात प्रत्येकी ५० नॅनोमोल अशी वीस अमिनो आम्लं धरली तर सगळी मिळून एक मायक्रोमोल, आणि प्रत्येकाला तीन जागा धरल्या तरी सिलिल गट लागतात तीन मायक्रोमोल. रिएजंटमध्ये आहेत ३७६. म्हणजे नमुन्याची भूक नगण्य आहे, खरा खादाड पाणी. पाण्याचा एक रेणू दोन सिलिल गट खाऊन हेक्सामिथाइलडायसिलॉक्सेन बनवतो, म्हणजे बीएसटीएफएचा एक अख्खा रेणू संपतो. एक मायक्रोलिटर पाण्यात ५५ मायक्रोमोल असतात, आणि ते सुमारे १५ मायक्रोलिटर रिएजंट फस्त करतात. साडेतीन मायक्रोलिटर पाणी उरलं असेल तर तुमचे पन्नासच्या पन्नास गेले.

आता याच मापाने नेहमीच्या संशयितांकडे बघा. दमट हवेत, ७० टक्के आर्द्रतेला आणि २५ अंशांना, घनमीटरमागे साधारण १६ ग्रॅम पाणी असतं. दोन मिलिलिटरच्या व्हायलमधल्या हवेत ते होतं ३२ मायक्रोग्रॅम, आणि त्याला अर्ध्या मायक्रोलिटरपेक्षा कमी रिएजंट पुरतं. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ०.१ टक्का पाणी असलं तरी तुमच्या ५० मायक्रोलिटरमध्ये ते चाळीस मायक्रोग्रॅमच्या आत, तेवढंच निरुपद्रवी. व्हायल उघडताना श्वास रोखून धरण्याची गरज नाही. पाणी खरोखर लपतं ते सुकल्यासारख्या दिसणाऱ्या अवशेषात. क्षार, बफर, ग्लिसरॉल किंवा हायड्रोलायसेटमधलं उरलेलं आम्ल असलं की तळाशी एक पारदर्शक पापुद्रा राहतो, तो कोरडा वाटतो, आणि त्यात एकदोन मायक्रोलिटर पाणी सहज दडून बसतं.

म्हणून माझी सगळी कडकाई सुकवणीत असते. नायट्रोजन मॉलिक्युलर सीव्हमधून घेऊन ५० ते ६० अंशांना सुकवतो. तळ कोरडा दिसला की १०० मायक्रोलिटर डायक्लोरोमिथेन घालून पुन्हा सुकवतो, आणि हे दोनदा करतो. जाताना ते उरलेलं पाणी बरोबर घेऊन जातं. नमुना फ्रीझ-ड्राय केलेला असेल तर व्हायल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढत नाही, थंड काचेवर दव धरतं आणि केलेली मेहनत वाया जाते. रिएजंटलाही हाच नियम. फ्रीजमधून काढलेलं अँप्यूल डेसिकेटरमध्ये ठेवून कोमट होऊ द्यायचं, मग फोडायचं. एक मिलिलिटरची छोटी अँप्यूलं घ्यावीत. मोठ्या बाटलीचा सेप्टम वीसदा टोचला की ती बाटली आतून म्हातारी होते, बाहेरून कळत नाही. अ‍ॅसिटोनायट्राइल ३ अँगस्ट्रॉमच्या सीव्हवर ठेवायचं. ४ च्या भोकात अ‍ॅसिटोनायट्राइलच शिरतं आणि पाण्याची जागा अडवतं.

रिएजंट तगलं आहे का हे बघायला एक सोपी खूण आहे, पण तिच्यासाठी डिटेक्टर लवकर चालू करावा लागतो. नमुना न घातलेली कोरी व्हायल नमुन्यांसारखीच सुकवून त्यात रिएजंट घाला, आणि शंभरपट पातळ करून स्प्लिटवर घ्या. पातळ करायला कोरडं हेक्झेन घ्या. सुरुवातीच्या पीकमध्ये हेक्सामिथाइलडायसिलॉक्सेनचा १४७ चा आयन किती आहे ते ताज्या अँप्यूलशी ताडून बघा. तो फुगलेला असेल तर त्या व्हायलमध्ये पाणी होतं. नुसता १४७ पाहून मात्र निष्कर्ष काढू नका. दोन किंवा जास्त टीएमएस असलेल्या बहुतेक रेणूंच्या वर्णपटात तो येतोच. सुरुवातीच्या त्या पीकचीच तुलना करायची.

एक अनुभव सांगतो, कारण तो कोणत्याच प्रोटोकॉलमध्ये सापडत नाही. एका प्रयोगशाळेत आमचे ८६ आणि ७० चे पीक महिनाभर येत-जात होते. सुकवणी, रिएजंट, नायट्रोजन सगळं तपासून झालं. शेवटी लक्षात आलं की एकाच व्हायलमधून लागोपाठ दोन इंजेक्शनं घेतली तर पहिलं खराब आणि दुसरं बरं येतं. ऑटोसॅम्पलरच्या धुण्याच्या बाटलीत कोणीतरी मिथेनॉल भरलं होतं. सिरिंजमध्ये उरलेला मिथेनॉलचा पातळ थर नमुन्यातले सिलिल गट ओरबाडून घेत होता. तेव्हापासून धुण्याच्या दोन्ही बाटल्यांत कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा हेक्झेन, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी. अल्कोहोल, पाणी आणि मोकळं अमाइन हे तिन्ही सिलिलेशनचे शत्रू आहेत. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा कॉलमही याच कारणाने चालत नाही. ५ टक्के फिनाइलवाला सिलिकोन कॉलम वापरा.

अजून एक चूक सर्रास दिसते: डेरिव्हेटिव्ह तयार झाल्यावर जादा रिएजंट नायट्रोजनने उडवून टाकायचं आणि हेक्झेनमध्ये विरघळवायचं. क्रोमॅटोग्राम सुरुवातीला स्वच्छ दिसतो खरा, पण ते जादा रिएजंटच डेरिव्हेटिव्हची राखण करत असतं. टोचलेल्या सेप्टममधून थोडंथोडं पाणी येत राहतं. रिएजंट असेल तर ते स्वतः बळी पडतं, नसेल तर नायट्रोजनवरचा टीएमएस जातो. शिवाय ग्लायसिन आणि अ‍ॅलानिनचे डेरिव्हेटिव्ह इतके हलके असतात की उडवताना तेही निघून जातात.

स्थिरता ठरवायची कशी, या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. रांगेत तीनदा स्टँडर्ड घातलं की बदल दिसतो, पण कारण कळत नाही. त्यासाठी एक दिवस खर्च करा. स्टँडर्डचं एकच मोठं डेरिव्हेटिव्ह तयार करा, थंड झाल्यावर सात व्हायलमध्ये वाटून झाकणं दाबा. सहा व्हायल एकेकदाच वापरायच्या: ०, २, ४, ८, १२ आणि २४ तासांनी, दर वेळी न टोचलेली नवी व्हायल. सातवी मात्र त्याच सगळ्या वेळांना पुन्हा पुन्हा टोचायची. आता दोन ओळी शेजारी ठेवा. न टोचलेल्या व्हायलमध्येही जे बदलतं ते डेरिव्हेटिव्हचं स्वतःचं रसायन. माझा अंदाज, तुमचं ग्लुटामिक आणि ग्लायसिन दोन्ही ओळींत सारखंच सरकेल. फक्त टोचलेल्या व्हायलमध्ये जे बदलतं ते सेप्टममधून आलेलं पाणी किंवा उडून गेलेला द्रावक. दोघांतला फरक सांगायला टेट्राकोसेन आहेच: द्रावक उडाला तर तो वाढतो, पाणी आलं तर तो जागचा हलत नाही.

२४ तासांनी आणखी एक व्हायल घ्या, त्याच सकाळी ताजं डेरिव्हेटिव्ह केलेली. तिच्यात पायरोग्लुटामिक पुन्हा ०.१० च्या आसपास आलं तर इंजेक्टर निर्दोष. तिथेही वाढलेलं असेल तर रात्रभरात लायनर मळला आहे आणि गरम, सक्रिय काचेवर कडं मिटतंय. मग निष्क्रिय केलेला नवा लायनर, आणि इंजेक्टर २५० वरून २२० अंशांवर. मिश्रणात ग्लुटामिन असेल तर ही चाचणी ग्लुटामिक एकट्याचीही करून बघा. ग्लुटामिन तर नुसत्या कोमट पाण्यातही पायरोग्लुटामिक बनतं, त्याचं पाप ग्लुटामिकच्या माथी नको.

यावर उपाय काय? ग्लायसिनला पूर्ण तीनवर ढकलता येतं. गेर्के आणि लायमर यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की ग्लायसिन, आर्जिनिन आणि ग्लुटामिक यांना बीएसटीएफएमध्ये १५० अंशांना अडीच तास लागतात, बाकीची बहुतेक त्याआधीच होतात. पण सगळं मिश्रण इतकं भाजायला माझं मन होत नाही: अ‍ॅसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं, त्यामुळे साध्या क्रिंप व्हायलमध्ये हे करणं धोक्याचं आहे, आणि ग्लुटामिन, अ‍ॅस्पराजिनची वाट लागते ती वेगळीच. टीएमएसवरच राहायचं असेल तर वेळ गोठवा. ऑटोसॅम्पलरला तापवायची सोय असेल तर प्रत्येक व्हायलमध्ये रिएजंट इंजेक्शनआधी ठरावीक वेळीच घालू द्या. सोय नसेल तर सहा-सहाच्या तुकड्यांत डेरिव्हेटिव्ह करा, म्हणजे कोणतीही व्हायल तीन तासांपेक्षा जास्त उभी राहत नाही. तुमच्या आकड्यांवरून ग्लुटामिक तासाला सुमारे अडीच टक्के जातंय. तीन तासांत सात-आठ टक्के, आणि तेही दोन स्टँडर्डमध्ये सरळ रेषेने दुरुस्त करता येण्यासारखे.

मी तुमच्या जागी असतो तर एमटीबीएसटीएफएकडे गेलो असतो. त्याचा टर्ट-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल गट पाण्यासमोर टीएमएसपेक्षा कित्येक हजारपट जास्त टिकतो, आणि इतका जाड आहे की अमाइनवर दुसरा बसतच नाही. त्यामुळे ग्लायसिनचा एकच पीक मिळतो. सगळ्या आयनांत वस्तुमानातून ५७ गेलेले दिसतात: ग्लायसिन २४६, नॉरल्युसिन ३०२, ग्लुटामिक ४३२, पायरोग्लुटामिक ३००. ७० ते ८० अंशांना तासभर पुरतो. किंमत मोजावी लागतेच: रेणू जड होतात, कॉलम ३०० अंशांपर्यंत न्यावा लागतो, आणि आर्जिनिन इथेही नीट मिळत नाही. कडं मिटणंही पूर्ण थांबत नाही, १०० अंशांवर रेंगाळलात तर ३०० चा आयन डोकं वर काढतो. म्हणून वरची सात व्हायलची चाचणी रिएजंट बदलल्यावर पुन्हा करा, आणि या वेळी शेवटचं टोक २४ ऐवजी ७२ तासांवर न्या.